बारा टक्के स्वस्त की साडेबारा?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपली आणि एका गटातल्या ताईने दोन कागद पुढे ठेवले. तिला आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम आगळासाठी ५०,००० रुपये हवे होते. एप्रिल-मेमध्ये माल करायचा, थोडा गणपतीत चाकरमान्यांना विकायचा आणि उरलेला कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत दुकान लावून संपवायचा. म्हणजे हातात मोठा पैसा येणार तो यात्रा झाल्यावरच. त्यासाठी ती सोनं तारण ठेवायला तयार होती. एका ठिकाणी व्याज होतं वर्षाला १२ टक्के, दुसरीकडे १२.५ टक्के. दोन्हीकडे वर्षाने एकदम पैसे भरले तरी चालणार होतं.

"यात काय विचारायचं? बारावालं घे," असं आम्ही सगळ्यांनीच सांगितलं. आमच्या लेखापाल ताई मात्र दोन्ही कागद वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "थांबा. पहिल्या कागदावर खाली लिहिलंय, व्याज दरमहा आकारलं जाईल. दुसऱ्यावर लिहिलंय, व्याज वर्षातून एकदा. मग साडेबाराच स्वस्त पडेल."

कोणालाच पटलं नाही. एक काकी तर सरळ म्हणाल्या, "बारा मोठे की साडेबारा मोठे, ता आमका शाळेत शिकयला नाय काय?"

मग फळ्यावर हिशेब मांडला. तोच आज तुमच्यासाठी इथे देत आहोत. वही-पेन जवळ घेऊन बसा.

फळ्यावरचा हिशेब

आधी १२ टक्केवाला कागद घेऊ. वर्षाला १२ टक्के, व्याज दरमहा. म्हणजे दर महिन्याला १ टक्का.

पहिल्या महिन्याला ५०,००० वर १ टक्का, म्हणजे ५०० रुपये व्याज झालं. ताईने ते भरलं नाही, कारण पैसे यात्रेनंतर येणार. मग ते ५०० रुपये तिच्या कर्जखात्यात मिळवले गेले. आता कर्ज झालं ५०,५००.

दुसऱ्या महिन्याला व्याज ५०,००० वर नाही, ५०,५०० वर लागलं. म्हणजे ५०५ रुपये. कर्ज झालं ५१,००५.

तिसऱ्या महिन्याला ५१,००५ वर १ टक्का, म्हणजे ५१० रुपये. कर्ज ५१,५१५.

असं करत बारा महिने गेले की भरायची रक्कम होते ५६,३४१ रुपये.

आता साडेबारावाला कागद. व्याज वर्षातून एकदाच. ५०,००० वर १२.५ टक्के, म्हणजे ६,२५० रुपये. भरायची रक्कम ५६,२५०.

साडेबारावालं कर्ज ९१ रुपयांनी स्वस्त निघालं! काकी फळ्याकडे बघत म्हणाल्या, "मगे ते जास्तीचे पैसे खंयसून इले?"

ते आले व्याजावरच्या व्याजातून. बारा महिने दरमहा ५०० धरले तर ६,००० होतात. पण प्रत्यक्षात ६,३४१ झाले. वरचे ३४१ रुपये हे न भरलेल्या व्याजावर चढलेलं व्याज आहे. यालाच आपण चक्रवाढ म्हणतो.

म्हणून प्रत्येक कर्जाला दोन दर असतात, हे लक्षात ठेवा. एक सांगितलेला दर. हाच कागदावर मोठ्या अक्षरात असतो, याला नाममात्र दर म्हणतात. आपल्या उदाहरणात तो १२ टक्के. दुसरा खरा दर, म्हणजे वर्षाच्या शेवटी १०० रुपयांमागे प्रत्यक्षात किती पडलं ते. याला प्रभावी वार्षिक दर म्हणतात. आपल्या उदाहरणात तो १२.६८ टक्के. वर्षातून एकदाच व्याज लागत असेल तर दोन्ही दर सारखेच. वर्षात जितक्या जास्त वेळा व्याज मुद्दलात मिळेल, तितका खरा दर सांगितलेल्या दराच्या वर जातो.

दरमहा, तिमाही, रोज: फरक किती?

हे ऐकल्यावर एक ताई घाबरली. "मग रोज व्याज लावणाऱ्याकडे तर मेलोच आपण!" तसं नाही. १०,००० रुपये, वर्षाला २४ टक्के, वर्षभर काहीच भरलं नाही, असं धरून बघा:

- व्याज वर्षातून एकदा: शेवटी १२,४०० रुपये
- सहा महिन्यांनी: १२,५४४ रुपये
- तीन महिन्यांनी: १२,६२५ रुपये
- दरमहा: १२,६८२ रुपये
- रोज: १२,७११ रुपये

वर्षावरून महिन्यावर आलं तर २८२ रुपये वाढले. महिन्यावरून रोजवर गेलं तर फक्त २९. म्हणजे "रोजचं व्याज" या शब्दाला घाबरायचं कारण नाही. पण "वर्षाला" आणि "महिन्याला" यांतला फरक मात्र बघायलाच हवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा फरक दराप्रमाणे फुगतो. १०,००० रुपयांवर वर्षाला १२ टक्के असेल, तर दरमहाच्या चक्रवाढीने वर्षात ६८ रुपये जास्त जातात. दर दुप्पट, म्हणजे २४ केला, तर जास्तीचे २८२. दुपटीने नाही, चौपटीपेक्षाही थोडे अधिक. आणि दर ३६ असेल, म्हणजे गावात म्हणतात तसं "शेकडा तीन", तर ६५८ रुपये. तेव्हा बँकेच्या दराला चक्रवाढीने ओरखडा पडतो, सावकारी दराला मात्र भोक पडतं. शेकडा तीनने घेतलेल्या कर्जाला आपण "छत्तीस टक्के" समजतो. महिन्याचं व्याज थकवून मुद्दलात चढू दिलं तर ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर पडतं.

पण मी तर व्याज दर महिन्याला भरते!

बैठकीत पुढचा प्रश्न हाच आला, आणि तो योग्यच होता. गटाकडून कर्ज घेतलं की आपण महिन्याच्या बैठकीत व्याज भरतो. थकवत नाही. मग व्याजावर व्याज कुठून येणार?

तुमच्या खात्यात ते चढत नाही, हे खरं. पण जरा समोरच्या बाजूला बसून बघा. आपण बचत गटाच्या बायका, कर्ज घेतोही आणि देतोही. म्हणून हे आपल्याला दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल.

समजा, गटाने एका सदस्येला १०,००० रुपये दरमहा शेकडा दोनने दिले. ती दर बैठकीला २०० रुपये व्याज आणून देते. गट ते २०० रुपये पेटीत ठेवतो का? नाही. त्याच बैठकीत दुसरीला कर्ज हवं असतं, तिला देतो. त्या २०० वरही पुढच्या महिन्यात ४ रुपये येतात. असं प्रत्येक महिन्याचं व्याज लगेच पुन्हा कर्जाऊ गेलं, तर वर्षाच्या शेवटी गटाच्या हाती मुद्दल धरून १२,६८२ रुपये असतात. त्या सदस्येने व्याज भरलं २,४०० रुपये. गटाला मिळाले २,६८२.

याचा अर्थ असा की महिन्याला २०० देणं आणि वर्षाने एकदम २,६८२ देणं, ही गटाच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे. पैसे लवकर मिळाले की ते लवकर कामाला लागतात. आणि देणाऱ्याचा जो फायदा, तो तुमचा खर्च, कारण तेच २०० रुपये तुमच्याकडे राहिले असते तर तुम्ही त्यातून कोकम घेतलं असतं, मासळी घेऊन विकली असती.

इथे एक पथ्य सांभाळा. हा खर्च तुमचा पैसा कामाला लागत असेल तरच खरा. आपल्या आंबापोळीवाल्या ताईकडे समजा दर महिन्याला ५०० रुपये सहज सुटे असतील आणि ते डब्यात नुसते पडून राहणार असतील, तर तिने १२ टक्केवालं कर्ज घेऊन दरमहा व्याज भरावं. तिचे ६,००० रुपये जातील, साडेबारावाल्यात ६,२५० गेले असते. पण तिच्याकडे यात्रेपर्यंत पैसा येणारच नसेल, तर साडेबारावालं बरं. तेव्हा कोणतं कर्ज स्वस्त, हे नुसत्या दरावर ठरत नाही. तुमच्या हातात पैसा कधी येतो, यावरही ठरतं.

आपल्या किनाऱ्यावर तर हे फारच लागू पडतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं घर मासळीवर चालतं, त्यांचं व्याज नेमकं या दोन महिन्यांत थकतं. दरमहा व्याज चढणारं कर्ज असेल, तर मे महिन्यातच जून-जुलैचं व्याज बाजूला काढून ठेवा.

बँकेचा नियम काय?

१ एप्रिल २००२ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँका कर्जावरचं व्याज दरमहा आकारतात. शेतीकर्जाला मात्र यातून वगळलं आहे. पीककर्जाचं व्याज हंगामाशी जोडलेलं असतं, महिन्याशी नाही. म्हणून घरातल्या आंबा बागेचं पीककर्ज आणि तुमचं धंद्याचं कर्ज यांचे दर एकाखाली एक लिहून तुलना करू नका. दोन्हीची व्याज चढायची चाल वेगळी आहे.

याची उलट बाजूही बघा. आपण बँकेत मुदत ठेव ठेवतो, तेव्हा व्याज साधारणपणे दर तिमाहीला मुद्दलात मिळतं. ७ टक्क्यांची ठेव वर्षाने ७.१९ टक्के पडते. ठेवीच्या जाहिरातीत हा वरचा आकडा आवर्जून छापलेला दिसतो. कर्जाच्या जाहिरातीत मात्र खालचा. खोटं कोणीच सांगत नाही. पण कोणता आकडा मोठा छापायचा, ते ज्याचं त्याला कळतं.

कर्जाच्या कागदावरचा "एपीआर"

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी व्यक्तींना आणि लहान उद्योगांना मुदतीचं कर्ज देताना "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद द्यायचा आहे. कर्जाच्या मुख्य बाबी त्यात एका ठिकाणी असतात आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला तो हाती आल्यावर निदान तीन कामाचे दिवस विचार करायला मिळतात. त्या काळात त्यांनी त्याच अटींवर कर्ज द्यायला तयार असलं पाहिजे. "आत्ताच सही करा" असं कोणी म्हटलं, तर हे सांगा.

त्या कागदावर "वार्षिक टक्केवारी दर", म्हणजे एपीआर, असा एक आकडा असतो. तो कसा काढायचा हे दाखवायला रिझर्व्ह बँकेने स्वतःच एक उदाहरण दिलं आहे. तेच बघू.

कर्ज २०,००० रुपये, मुदत २४ महिने, व्याज १५ टक्के. हप्ता ९७० रुपये. दोन वर्षांत व्याज जातं ३,२७४ रुपये. शिवाय ४०० रुपये शुल्क. ते कापून हातात येतात १९,६०० रुपये. पण हप्ता मात्र पूर्ण २०,००० चाच. म्हणून एपीआर १५ नाही, १७.०७ टक्के येतो. शुल्क धरल्यामुळे दर दोन टक्क्यांनी वर गेला.

आता यातली मेख बघा. हा १७.०७ आकडा आला कसा? हातात आलेल्या रकमेवर दर महिन्याला १.४२२५ टक्के व्याज पडतं, त्याला बाराने गुणलं. नुसता गुणाकार. महिन्या-महिन्याची चक्रवाढ त्यात धरलेलीच नाही. ती धरली तर खरा वार्षिक दर येतो साधारण १८.४७ टक्के.

एकाच कर्जाचे हे तीन आकडे झाले: जाहिरातीतला १५, कागदावरचा १७.०७ आणि वर्षाच्या हिशेबाने खरा १८.४७. म्हणजे एपीआर हा चांगला आकडा आहे, शुल्क लपू देत नाही. पण चक्रवाढ तो दाखवत नाही. दोन्ही कर्जं मासिक हप्त्याची असतील, तर दोघांचा एपीआर सरळ शेजारी ठेवून तुलना करा, चालेल. पण एक कर्ज मासिक आणि दुसरं वर्षाने एकदम फेडायचं असेल, तर मासिकवाल्याचा खरा दर काढल्याशिवाय तुलना करू नका.

आणि दंडाबद्दल. हप्ता चुकला की बँक किंवा वित्त कंपनी दंड लावू शकते, पण तो दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत. मात्र थकलेल्या नेहमीच्या व्याजावर व्याज चढायचं ते चढतंच. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. खातेउताऱ्यात दंडाची ओळ वेगळी दिसते का, ते तपासा.

मोबाईलवर खरा दर काढा

यासाठी बँकेत जायला नको. मोबाईलमधलं साधं कॅल्क्युलेटर पुरे.

वर्षाच्या दराला बाराने भागा, महिन्याचा दर मिळेल. २४ भागिले १२, म्हणजे २. आता १०० लिहा आणि १.०२ ने बारा वेळा गुणत जा. एक वेळ कमी-जास्त झाली की उत्तर चुकतं, म्हणून शेजारी वहीत रेघा मारत जा. शेवटी १२६.८२ येईल. त्यातून १०० वजा केले की राहिले २६.८२. हाच खरा दर. दर १२ असेल तर १.०१ ने गुणा, १८ असेल तर १.०१५ ने. व्याज तिमाही असेल तर दराला चारने भागा आणि चारच वेळा गुणा.

आणि व्याज थकवलं तर कर्ज दुप्पट कधी होतं, याचा एक सोपा अंदाज आहे. ७२ ला महिन्याच्या दराने भागा. शेकडा दोन असेल तर ७२ भागिले २, म्हणजे ३६ महिने. शेकडा तीन असेल तर २४ महिने. शेकडा तीनने घेतलेले १०,००० रुपये दोन वर्षं अंगावर राहिले, की २०,००० झालेच म्हणून समजा.

सही करण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

१. व्याज किती दिवसांनी मुद्दलात मिळवता? दरमहा, तिमाही, की वर्षाने?

२. मी आज कर्ज घेतलं आणि मध्ये एकही पैसा भरला नाही, तर बरोबर एक वर्षाने एकूण किती भरावे लागतील? (हा सगळ्यांत चांगला प्रश्न. उत्तर रुपयांत मागा, टक्क्यांत नको. रुपये कळले की खरा दर तुम्हीच काढाल.)

३. माझ्या हातात प्रत्यक्ष किती रक्कम येणार? शुल्क, विमा, स्टॅम्प सगळं कापून.

आणि एक काम आपल्याच गटाचं. आपण शेकडा दोन किंवा शेकडा एक घेतो, पण एखादीचं व्याज थकलं तर त्या व्याजावर पुढे व्याज लावायचं की नाही, हे किती गटांच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे? काही गट लावतात, काही लावत नाहीत. काही ठिकाणी लेखापाल बदलली की पद्धतही बदलते आणि मग भांडणं होतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, जे ठरेल ते ठरावात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

आंबापोळीवाल्या ताईने शेवटी कोणतं कर्ज घेतलं? साडेबारावालं. ९१ रुपयांसाठी नाही. ती म्हणाली, "माझे पैसे यात्रेनंतर येतात, मग व्याज पण यात्रेनंतरच चढू दे." काकींनी मात्र घरी जाऊन सुनेच्या सोनेतारणाची पावती काढली. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहेत. तुम्हीही तुमची पावती घेऊन या.